शंभरात सहा

“सगळ्यांसाठी काढलेला शर्ट कुणीच घेत नाही, पोरी. आधी माणूस शोध. त्याला कशाचं हसू येतं ते बघ. चित्र मागाहून काढ.”

हे मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तर म्हणजे आमचे छपाईवाले. बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या, एकीत फिल्म छापायचं यंत्र, दुसरीत शर्टावर ती फिल्म चिकटवायचा गरम प्रेस. आमचं दुकान नुसतं इंटरनेटवर होतं. गिऱ्हाइकानं शर्ट निवडला, पैसे भरले, की तेवढा एकच शर्ट मास्तर छापायचे आणि परस्पर त्याच्या पत्त्यावर धाडायचे. आमच्या घरात ना माल, ना कपाट. मी चित्रं काढायची, धाकटा भाऊ जाहिराती लावायचा आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा.

मास्तरांचं मी तेव्हा ऐकलं नाही. मांजरं काढली, चहाचे कप काढले, सुविचार काढले. दोन महिन्यांत नऊ शर्ट गेले आणि त्यातले चार मावशीनं घेतले. “मावशी हा गिऱ्हाइकांचा वर्ग नाही,” असं धाकटा म्हणाला, “मावशी ही दया आहे.”

माणूस आमच्या घरातच बसलेला होता. दादा. आमचा थोरला. चौदा वर्षं त्यानं बांधकामावरची उंच क्रेन चालवली होती. जेवताना तो वरच्या गोष्टी सांगायचा तेव्हा आई ताट धुवायची विसरायची. वारा सुटला की केबिन कशी झुलते. खालचे लोक हातवारे करून कसे नाचतात. साहेब कसा मुंगीएवढा दिसतो. धाकट्यानं एका संध्याकाळी शोधून पाहिलं. क्रेनवाल्यांचे मोठमोठे गट, हजारो माणसं, रोज एकमेकांना फोटो पाठवणारी, आणि त्यांच्यासाठी धड शर्ट म्हणाल तर पाच-सहा, तेही पिवळ्या क्रेनचं रडकं चित्र असलेले. नर्सबाईंसाठी लाखो होते, शिक्षकांसाठी लाखो होते. इथे मैदान मोकळं होतं.

दादाच्या तोंडची वाक्यंच मी शर्टावर घेतली. ‘डोकं ठिकाणावर आहे. साठ मीटर वर.’ ‘खालून ओरडू नका, ऐकू येत नाही.’ ‘वरून सगळेच साहेब सारखे.’ पहिल्या चित्रात मी क्रेनच्या हाताची जाळी केसासारख्या बारीक रेघांनी काढली होती. दोन धुण्यांत त्या रेघा सालपटासारख्या सुटल्या. मास्तरांनी शर्ट माझ्यापुढे टाकला. “कागदावर सुंदर दिसतंय. पण कागद कुणी धुतो का?” मग मी रेघा जाड केल्या, जाळी चौदा तुकड्यांवरून पाचांवर आणली. शर्ट खपू लागले.

दादाविषयी एक सांगायचं राहिलं. त्याची नोकरी गेली होती, कारण त्यानं सुपरवायझरच्या तोंडावर हेल्मेट मारून त्याचा जबडा मोडला होता. सुपरवायझर वाऱ्यात काम चालू ठेवायला सांगत होता, आणि दादाचं म्हणणं खरं होतं. पण जबडा तीन ठिकाणी मोडला होता. त्यानंतर घरातल्या वस्तू मोडू लागल्या. आरसा. आईच्या खोलीचं दार. एकदा धाकट्याचा दात. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच दार दुरुस्त करायचा, गुणगुणत, आणि आई म्हणायची, “मनानं वाईट नाही गं तो.” आम्ही सगळे त्याच्या पावलांच्या आवाजावर जगायला शिकलो होतो. जिना जड वाजला की स्वयंपाकघरात, हलका वाजला की बाहेरच्या खोलीत.

क्रेनचे शर्ट खपायला लागले त्या आठवड्यात मी फ्रिजवर एक कागद लावला. जाड पेनानं लिहिलं होतं: सहाशेला विकतो, दोनशे पंचावन्नला मास्तर कोरा शर्ट धरून छापून देतात. नफा तीनशे पंचेचाळीस. मी फार खूश होते. आकड्याखाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

दादानं कागदावर बोट आपटलं. “एका शर्टामागे? शब्द माझे ना?”

“तुझेच,” मी म्हटलं.

“मग निम्मे माझे.” आणि त्यानं नोकरी सुटताना मिळालेल्या पैशातले चाळीस हजार आणून धाकट्याच्या हातात दिले. “जाहिरात मोठी कर. पण लक्षात ठेव, धाकट्या. मी वरून सगळं बघतो.”

आम्ही हसलो. तोही हसला.

चार महिन्यांत तीनशे दहा शर्ट गेले. दुकानाच्या पानावर मोठ्या हिरव्या आकड्यात विक्री दिसायची, एक लाख शहाऐंशी हजार. आणि खात्यात मात्र दादाचे चाळीस हजार होते तेवढेच. धाकट्याला वाटलं पैसे अडकले असतील. मी एका रविवारी बँकेचा उतारा, जाहिरातीची बिलं आणि मास्तरांच्या पावत्या घेऊन बसले आणि एका शर्टाचा माग काढला.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी कागदावर मास्तरांचे दोनशे पंचावन्न तेवढे धरले होते. कर धरला नव्हता. ‘घरपोच फुकट’ असं आम्ही मिरवत होतो, त्या फुकटाचं भाडं धरलं नव्हतं. गिऱ्हाइकाचे पैसे आमच्या खात्यात वळते करणाऱ्या कंपनीची कात्री धरली नव्हती. आणि जाहिरात! एक शर्ट खपवायला सरासरी दोनशे जात होते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. सगळं जाऊन चौतीस उरत होते.

तेही उरत नव्हते. शंभरातले सहा शर्ट परत यायचे, आणि कारण एकच: छातीत घट्ट. मास्तरांकडचा कोरा शर्ट अंगासरशी बसणारा होता आणि आमचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं केबिनमध्ये बसून पोट सुटलेलं. वाक्याखाली गिऱ्हाइकाचं नाव घालून छापलेला शर्ट दुसऱ्याला विकता येत नाही. परत मागवायचं भाडं आणखी पडू नये म्हणून आम्ही तो त्यांनाच ठेवू द्यायचो आणि पैसे फिरवायचो. म्हणजे अशा एका शर्टावर पाचशे अडतीस पाण्यात. चौऱ्याण्णव शर्टांनी चौतीस-चौतीस करून जे कमवायचं, ते सहा शर्ट गिळायचे आणि वर बत्तीस आमच्याच खिशातून मागायचे.

धाकट्यानं कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाला, “धंदा वाईट नाही, ताई. किंमत साडेसातशे करू. सैल मापाचा कोरा शर्ट घेऊ. गटांमध्येच लोक आपापसात दाखवतायत, तिथे जाहिरातीचा खर्च निम्म्यावर येईल. पण दादाला आजच सांगायला हवं.”

“आठ दिवस थांब,” मी म्हटलं. “नवी किंमत लागू दे. मग सांगू की आता उरतंय.”

“तो आकडा पाठ करून बसलाय.”

“मी सांगेन. माझा आकडा आहे.”

मी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे, आणि जिना वाजला की स्वयंपाकघरात शिरायचे. सहाव्या दिवशी धाकट्याचा फोन जेवणाच्या टेबलावर राहिला आणि दादानं तो हिरवा आकडा पाहिला.

भर दुपार होती. मी पोळ्या लाटत होते. दादानं आधी अगदी शांतपणे विचारलं, “तीनशे दहा गुणिले तीनशे पंचेचाळीस किती?”

धाकटा म्हणाला, “दादा, ते तसं नसतं...”

“एक लाख सात हजार होतात. पन्नास कमी. माझे साडेत्रेपन्न हजार. कुठेत?”

“तुझे चाळीस हजार जसेच्या तसे आहेत. नफा झालेला नाही.”

दादानं त्याला मारलं तेव्हा आवाज फार लहान आला, ओला कपडा आपटल्यासारखा. धाकटा ओट्यावर आपटला, खाली सरकला, आणि दादानं त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. मग आणखी एक. “चोर! सख्ख्या भावाला! माझे शब्द विकतोस आणि मला शून्य दाखवतोस!” आई दोघांच्या मधे पडली, तर त्यानं तिला एका हातानं बाजूला लोटलं. ती दारावर गेली आणि तिच्या भुवईवरून रक्त यायला लागलं. मी लाटणं हातात धरून उभी होते. माझा आकडा, माझी चूक, माझं गप्प बसणं, आणि मार धाकट्याला.

धाकटा कसाबसा उठून मागच्या दारानं पळाला. कुठे जाणार हे मला ठाऊक होतं, आणि दादालाही. खर्च खरा आहे हे दाखवायला पावत्यांच्या प्रती मास्तरांकडेच होत्या.

मी अनवाणी धावले, पण दादाचे पाय लांब. मी दुकानात शिरले तेव्हा मास्तर भिंतीला टेकून बसले होते. चष्मा फुटलेला, नाकातून रक्त. शाईच्या बाटल्या जमिनीवर लोळत होत्या आणि पांढरी शाई सांडून सगळीकडे पसरत होती. आतल्या खोलीत दादानं धाकट्याची मान बगलेत आवळली होती आणि दुसऱ्या हातानं त्याचं उजवं मनगट धरून पंजा प्रेसच्या खालच्या पाट्यावर दाबला होता. वरचा पत्रा त्याच्यावर वीतभर अंतरावर उघडा होता. तापमानाचा आकडा एकशे साठवर होता. मास्तर सकाळपासून काम करत होते.

“आता मोज,” दादा म्हणाला. “किती वेळ दाबतात रे? पंधरा सेकंद ना? मी पंधरा मोजतो. तू तेवढ्यात खरं सांग.”

“दादा, सोड!” मी ओरडले. “चूक माझी आहे! तो कागद माझा!”

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. धाकट्याला अंगाखाली चेपून त्याचा एक हात आता प्रेसच्या दांड्यावर होता. “बोल.”

मी बोलले.

“सहाशेला विकला. अठ्ठावीस कर गेला.”

“एक,” दादा म्हणाला आणि पत्रा थोडा खाली आला.

“दोनशे पंचावन्न मास्तरांचे. पासष्ट पोचवायचं भाडं. अठरा पैसे वळते करणाऱ्यांचे. दोनशे चौतीस राहिले, दादा, देवाशपथ. त्यातले दोनशे जाहिरात खाते.”

तो ऐकत होता. खरंच ऐकत होता. क्रेनवर बसणाऱ्या माणसाला वजनांची बेरीज करायची सवय असते. त्याचे ओठ हलत होते. धाकट्याच्या नाकातलं रक्त त्याच्या बाहीवर टपकत होतं आणि मला वाटलं, झालं, उमगलं त्याला.

“चौतीस,” तो म्हणाला. “एका शर्टामागे चौतीस. मग तीनशे दहाचे दहा हजार तरी होतात. ते कुठेत?”

इथे मी खोटं बोलू शकले असते. दहा हजार मावशीकडून आणून देता आले असते. पण मी खरं सांगत सुटले होते आणि खरं अर्ध्यावर सोडता येईना.

“शंभरात सहा परत येतात. ते सगळं खातात. काही उरत नाही, दादा. शून्य. उलट थोडं जातंच.”

प्रेसचा पंखा घुमत होता.

“चौदा वर्षं,” दादा म्हणाला. “चौदा वर्षं वर बसून जे मी बोललो, त्याची किंमत शून्य?”

आणि त्यानं दांडा खाली ओढला.

धाकट्याची किंकाळी मी लिहू शकत नाही. माणसाच्या गळ्यातून तसा आवाज येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मास्तरांनी धडपडत भिंतीवरचं बटण बंद केलं, पण पत्रा काय लगेच निवतो? मी लोखंडी स्टूल उचललं आणि दादाच्या डोक्यात घातलं. कानावर लागलं. कान फाटला. तो डगमगला, तरी हात दांड्यावरच होता. मी पुन्हा मारलं, मनगटावर, हाडाचा आवाज आला आणि दांडा सुटून वर गेला. धाकटा पांढऱ्या शाईत कोसळला. त्याचा पंजा मी पाहिला आणि मग पाहिला नाही. मास्तर नळ सोडून बादली भरत होते आणि एकसारखं म्हणत होते, “पाणी, पाणी, हात पाण्यात धर, फडका लावू नकोस, चिकटेल.”

दादा दाराशी उभा होता. मोडलेलं मनगट छातीशी धरून. कानातून रक्त शर्टावर उतरत होतं. अंगात आमचाच शर्ट होता, पहिल्यांदा छापलेला, रेघा सुटलेला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. “तू मला मारलंस,” तो लहान मुलासारखा म्हणाला. आणि निघून गेला.

दवाखान्यात धाकट्याच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधली. दोन बोटं वाचतील की नाही ते चार दिवसांनी कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं, कसं झालं. आई पटकन म्हणाली, “यंत्रात गेला हात. कामावर होतं असं.” डॉक्टरीणबाईंनी आईच्या भुवईवरच्या टाक्यांकडे पाहिलं, माझ्या शाईनं माखलेल्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या बाहेर गेल्यावर आई माझ्याजवळ सरकली. तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात थंड होता.

“त्याचा निरोप आलाय. चाळीस हजार परत द्या, म्हणतो. बाकी विसरतो. मनगट मोडलंय त्याचं. तूच मोडलंस. पोलिसात गेलीस तर तुझंही नाव निघेल.”

“निघू दे.”

“घरातलं घरात राहू दे गं. तुम्ही तिघं माझीच.”

“आई, तुझ्या कपाळाला सात टाके आहेत.”

“मी दारावर पडले,” आई म्हणाली. इतक्या वर्षांची सवय. तिला स्वतःला ते खोटं वाटत नव्हतं.

मी चाळीस हजार तिथे बसल्या बसल्या दादाच्या खात्यात टाकले. त्याचे होते ते. त्यावर माझा हक्क नव्हता आणि त्यानं झालेल्याची भरपाईही नव्हती. फोनवर दोन नव्या ऑर्डरी आल्या होत्या, साडेसातशेच्या भावानं. तासाभरापूर्वी मास्तरांनीच, नाकात कापूस घालून, निरोप दिला होता: सैल मापाचे कोरे शर्ट सोमवारी येतील, तोवर दुकान चार दिवस बंद दाखव. मी अजून दुकान बंद केलं नव्हतं.

सकाळी धाकट्याला नीट शुद्ध आली. आई खुर्चीत डोकं टेकून झोपली होती. त्यानं आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ताई, किती बोटं?”

“तीन नक्की.”

“माऊस धरायला पुरतात,” तो म्हणाला. हसायला गेला आणि बरगडी धरून कण्हला. मग म्हणाला, “तो परत येईल.”

“येईल.”

“दार दुरुस्त करायला येईल. गुणगुणत. आई त्याला वाढेल. आणि मग आपण पुन्हा जिना ऐकत बसू.” त्यानं डाव्या हातानं माझं बोट धरलं, तो लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं. “तू सगळं सांगशील? सगळं? तू आकडा चुकलीस ते, सांगायला उशीर केलास ते, स्टुलानं मारलंस ते पण? अर्धं सांगितलंस तर ते तुलाच खोटी पाडतील. मला बोलवत नाही. तू सांग.”

“सांगेन.”

“आठ दिवस थांब, म्हणशील.”

“नाही म्हणणार.”

“शब्द दे.”

मी दिला. मी आजवर देवापुढे पुष्कळ शब्द दिले आहेत आणि बहुतेक पाळले आहेत, पण एका माणसाचं बोट हातात असताना दिलेल्या शब्दाला वेगळंच वजन असतं. तो डोळे मिटून पडला. त्याची पकड हळूहळू सैल झाली.

मी आईच्या अंगावर चादर सरकवली. ती झोपेतच म्हणाली, “कुठे चाललीस?” आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा घोरू लागली. एका बाईनं मला तिच्या जुन्या रबरी चपला दिल्या होत्या, त्या पायांत घातल्या. एक नंबर मोठ्या होत्या, फटफट वाजत होत्या, म्हणून दाराबाहेर येईपर्यंत हातात घेतल्या.

फाटकावर पहारेकऱ्याला पोलीस चौकी विचारली. “सरळ जा, मग डावीकडे, शाळेच्या पुढे,” तो म्हणाला. “काही चोरीबिरी झाली का, बाई?”

“नाही,” मी म्हटलं आणि सरळ चालू लागले.